किल्ली देण्याआधीचा हिशेब

पुण्यात मे आणि जून हे घरं बदलण्याचे महिने. शाळांच्या परीक्षा संपलेल्या असतात, नोकरीतल्या बदल्यांचे आदेश हातात पडलेले असतात आणि पावसाच्या आत सामान हलवायची घाई असते. सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो लागतो, पलंगाचे सुटे भाग आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी जिन्यावरून खाली येतात. या सगळ्या गडबडीत भाडेकरूच्या मनात एकच विषय घोळत असतो. डिपॉझिट कधी मिळणार आणि त्यातलं किती कापलं जाणार?

हा प्रश्न बहुतेक जण सामान हलवून झाल्यावर विचारतात, आणि तिथेच गाडी अडते. तोवर घर मालकाच्या ताब्यात गेलेलं असतं, भिंती कशा होत्या हे दाखवायला काही उरलेलं नसतं आणि मालकाकडे कापायच्या रकमांची यादी तयार असते. डिपॉझिटचा निकाल खरं तर घर सोडण्याआधीच्या पंधरा दिवसांत लागतो. त्या दिवसांत काय लिहून घेतलं आणि काय तोंडी राहिलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

महाराष्ट्रात आज भाड्याने दिली जाणारी बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात, तीही सहसा अकरा महिन्यांसाठी. त्यामागे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, असं या कायद्याचं 55 वं कलम सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. पण डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं आणि त्यातून काय काय कापता येतं, याचं वेळापत्रक या कायद्यात नाही. त्यामुळे दोघांच्या सहीच्या करारात जे लिहिलंय तेच पहिलं प्रमाण ठरतं. घर सोडायचं मनात आलं की कपाटाच्या तळाशी गेलेला तो करार बाहेर काढावा आणि त्यातल्या तीन गोष्टी पेन्सिलने अधोरेखित कराव्यात. नोटिसीची मुदत किती, डिपॉझिट परतीचे शब्द नेमके काय, आणि शेवटी जोडलेल्या यादीत पंखे, ट्यूब, गीझर, कपाटं किती लिहिली आहेत.

उदाहरण म्हणून कोथरूडमधलं एक घर घेऊ. दोन बेडरूम, दुसरा मजला, भाडं महिना 26,000 रुपये आणि डिपॉझिट 80,000. नवरा-बायको आणि पाच वर्षांची मुलगी तिथे तीन करार, म्हणजे तेहतीस महिने राहिले. 31 मे रोजी करार संपतो. मालक अमेरिकेत राहतात आणि इथला कारभार त्यांची आत्या बघते. पुण्यात असं चित्र सर्रास दिसतं. मुलगा न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात, घर पुण्यात, आणि किल्ल्या एखाद्या आत्या-काकांच्या किंवा एजंटच्या हातात.

या घरातल्या भाडेकरूने नोटीस फोनवर दिली तर ती दिली की नाही यावरूनच पुढे वाद होतो. ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ईमेलने मालकाला आणि व्हॉट्सअॅपवर आत्याबाईंना गेली पाहिजे. मजकूर चार ओळींचा पुरे. घर कोणत्या तारखेला रिकामं करणार, पाहणीसाठी कोणता दिवस सोयीचा, डिपॉझिट कोणत्या खात्यात जमा करायचं आणि इथे मालकाच्या वतीने ताबा कोण घेणार. यातली शेवटची ओळ फार महत्त्वाची. मालक परदेशी असेल तर ‘ताबा आत्या घेतील आणि हिशेबावर त्या सही करतील’ असं त्याने स्वतः उत्तरात लिहिलेलं हवं. नाहीतर आत्या म्हणणार ‘मी त्याला विचारून सांगते’, आणि तो म्हणणार ‘मी दिवाळीत आल्यावर बघतो’.

त्यानंतर पाहणी. सामान जागेवर असतानाच, घर सोडण्याच्या दहा-बारा दिवस आधी, मालक किंवा त्याच्या माणसाला घरी बोलवावं आणि एकेक खोली सोबत फिरून बघावी. मालकाला जे खटकतं ते त्याच दिवशी कळतं, आणि दुरुस्त करायला हातात आठवडा असतो. नळाचा वॉशर भाडेकरूने बदलून घेतला तर थोडक्यात भागतं. तेच काम मालकाने नंतर ‘प्लंबिंग’ म्हणून लावलं की आकडा कुठल्या कुठे जातो. पाहणीत ठरलेलं त्याच संध्याकाळी संदेशात लिहून पाठवावं. समोरून नुसतं ‘ओके’ आलं तरी पुढे ते कामाला येतं.

कोथरूडच्या घरात पाहणीनंतर आत्याबाईंनी सांगितलेली यादी अशी धरू. सगळ्या घराचं रंगकाम 26,000, साफसफाई 4,500, चिमणी 2,000, बाथरूमचं दार 3,500 आणि दोन नळ 1,800. बेरीज 37,800. लाइट बिल वेगळं. म्हणजे डिपॉझिटचा जवळजवळ निम्मा भाग गेला. आता यातली एकेक रक्कम तपासू.

सगळ्यात मोठा आकडा रंगाचा, आणि भांडणंही सगळ्यात जास्त त्याच्यावरूनच होतात. ‘एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची पद्धत आहे’ हे वाक्य एजंटच्या तोंडी नेहमी असतं. करारात तसं लिहिलं असेल आणि त्यावर सही केली असेल तर ते मानावं लागतं. लिहिलेलं नसेल तर ती फक्त पद्धत आहे, आणि तिच्यावर बोलता येतं. बोलताना एक चांगला आधार हाताशी आहे. केंद्र सरकारने 2021 साली आदर्श भाडे कायदा मंजूर केला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, त्यामुळे पुण्यातल्या मालकावर तो बंधनकारक नाही. पण कोणती दुरुस्ती कोणी करायची याची यादी त्याच्या परिशिष्टात दिली आहे. भिंतींना सफेदी आणि दारं-खिडक्यांना रंग हे काम त्यात मालकाच्या बाजूला आहे. पाइप बदलणं आणि वायरिंग हेही मालकाकडे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, गीझरची आणि बटणांची दुरुस्ती, कुलपं आणि फुटलेल्या काचा हे भाडेकरूकडे. भांडणाच्या वेळी दोन्ही बाजूंना न दुखावणारी अशी यादी सापडणं अवघड. ती समोर ठेवली की आवाज खाली येतो.

रोजच्या वापराने होणारी झीज आणि हलगर्जीपणाने झालेलं नुकसान यांतली रेघ इथेच लागते. तीन वर्षांत पांढरा रंग पिवळसर होतो, सोफ्यामागची भिंत घासली जाते, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक राहतं. घरात माणसं राहिली म्हणजे एवढं होणारच, आणि मालकाने त्या राहण्याचंच भाडं घेतलेलं असतं. पण बेडरूमच्या भिंतीवर मुलीने तेलकट खडूंनी काढलेली चित्रं ही झीज नव्हे. तेवढी एक भिंत घासून, पुट्टी लावून रंगवायचा खर्च भाडेकरूने द्यावा. रंगाऱ्याने त्याचे 4,000 सांगितले असं धरू. बाथरूमच्या दाराचं तसं नाही. दार खालून फुगलंय, पण ते साधं प्लायचं होतं आणि खाली पाण्यापासून बचाव करणारी पट्टीच नव्हती. कोणीही राहिलं असतं तरी ते फुगलं असतं. तरी तुटेपर्यंत ताणायचं नसेल तर अर्धी रक्कम, 1,750 रुपये, मान्य करून विषय मिटवता येतो. नळांपैकी एकाची मूठ भाडेकरूच्या हातून तुटली, त्याचे 900 त्याने द्यावेत. दुसरा नळ जुनाच होता आणि प्रवेशाच्या दिवशी काढलेल्या फोटोतही त्याच्यावर गंज दिसतो. घरात शिरताना काढलेले फोटो ज्यांनी जपून ठेवलेत त्यांची इथे मोठी सोय होते.

राहिली साफसफाई आणि चिमणी. घर ज्या अवस्थेत मिळालं त्या अवस्थेत परत करावं ही अपेक्षा रास्त आहे. त्याहून चकचकीत करून द्यायची जबाबदारी भाडेकरूवर येत नाही. मालकाची नजर नेहमी त्याच चार-पाच जागी जाते. पंख्यांची पाती, सरकत्या खिडक्यांच्या रुळांत साठलेली माती, ओट्याखालची कपाटं, माळा आणि बाथरूमच्या टाइल्सवरचा पांढरा थर. काम वरून खाली आणि आतून बाहेर करत यावं, आणि फरशी सामान बाहेर गेल्यावर सगळ्यात शेवटी पुसावी. टेम्पो सकाळी गेला आणि किल्ली संध्याकाळी दिली, तर मधले चार तास फक्त यासाठी राखून ठेवावेत. फ्रिज मालकाचा असेल तर आदल्या रात्री बंद करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवावं. नाहीतर दोन दिवसांत आत बुरशी धरते.

चिमणीच्या जाळ्या स्टीलच्या असतील तर कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर बुडवून ठेवल्या की तेलाचा चिकटा सुटतो. त्याच पाण्यात अॅल्युमिनियमची जाळी बुडवली तर ती काळी पडते, तिला भांड्याचा साबण आणि गरम पाणीच बरं. टाइल्सवरचा पांढरा थर हा बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्याने दहा मिनिटं भिजवून, घासून निघतो. शेवटच्या दिवशी घाईने बाजारातलं अॅसिड ओतणारे पुष्कळ असतात, आणि तिथे चांगल्या घराचं नुकसान होतं. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे दगड अॅसिडने खरवडले जातात. कायमचा मंद डाग पडतो, टाइल्समधला सिमेंटचा सांधा पोखरला जातो आणि नळांची चमक उडते. मग डिपॉझिटमधून कापायला मालकाला खरंखुरं कारण मिळतं. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद बाथरूममध्ये जिवावर बेततो.

हे सगळं करून रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढावा. दारातून आत शिरल्यापासून प्रत्येक खोलीत, प्रत्येक बटण लावून, प्रत्येक नळ सोडून. ओटा आणि चिमणी स्वच्छ दिसत असतील तर साफसफाईचे 4,500 आणि चिमणीचे 2,000 आपोआप गळतात.

बिलांत सगळ्यात जास्त घोळ विजेचा होतो, कारण बिल महिन्यातून एकदा येतं आणि घर मधल्याच एखाद्या तारखेला सुटतं. उपाय सोपा आहे. शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो घ्यायचा. पण त्यातही दोन अडचणी असतात. आजच्या मीटरच्या पडद्यावर आकडे सतत बदलत राहतात. कधी तारीख, कधी व्होल्टेज, कधी कमाल मागणी. त्यांतला `kWh` असं लिहून येणारा आकडाच युनिटचा असतो, त्याची वाट बघून फोटो घ्यावा. दुसरं म्हणजे तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत वीस-तीस मीटर ओळीने असतात आणि त्यांवर रंगवलेले फ्लॅट नंबर कधी पुसलेले, कधी चुकलेले असतात. म्हणून मीटरचा क्रमांकही फोटोत यायला हवा, आणि तो महावितरणच्या बिलावर छापलेल्या मीटर क्रमांकाशी जुळवून बघायला हवा. जुळला नाही तर भाडेकरू इतके दिवस शेजाऱ्याचंच बिल भरत असण्याचीही शक्यता असते.

बिलावर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ असे दोन आकडे असतात. समजा शेवटच्या बिलात चालू रीडिंग 8,412 होतं आणि 31 तारखेला मीटर 8,498 दाखवतो, तर देणं 86 युनिटचं. याचे पैसे मागच्या बिलाच्या सरासरीने काढता येतात, पण ते थोडे इकडेतिकडे होतात. युनिट वाढत जातात तसा महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे कमी युनिटच्या बिलाला जास्त युनिटच्या बिलाची सरासरी लावली तर रक्कम फुगते. म्हणून नीट पद्धत अशी की डिपॉझिटमधून 1,000 रुपये बिलापोटी बाजूला ठेवायचे, खरं बिल आलं की हिशेब करायचा आणि उरलेले परत करायचे. ही रक्कम आणि तिची मुदत दोन्ही कागदावर यावी.

विजेच्याच बाबतीत एक रक्कम भाडेकरूंच्या लक्षातून निसटते. महावितरण ग्राहकाकडून सुरक्षा ठेव घेतं आणि वापर वाढला की उन्हाळ्याच्या सुमारास जादा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ते नेहमीच्या बिलासारखंच दिसतं, म्हणून भाडेकरू भरून टाकतो. पण ही ठेव वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यात जमा होते, म्हणजे मालकाच्या. तिची पावती शोधून ती रक्कम हिशेबात मागून घ्यावी. पाइप गॅसचं मीटर वाचताना फक्त काळे आकडे घ्यावेत, लाल आकडे दशांशाचे असतात. सोसायटी घर भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारच्या 2001 च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ते मालकाचं देणं आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर ते डिपॉझिटमधून कापलं जाऊ नये. इंटरनेटचं राउटर परत करताना पोच घ्यावी, आणि टेम्पो कधी आणता येईल, लिफ्ट कधी वापरता येईल हे सोसायटीच्या कार्यालयात आधीच विचारावं. रविवारी सामान हलवायला बंदी असलेल्या सोसायट्याही आहेत.

आता किल्ल्या. किल्ली दिली म्हणजे ताबा दिला, आणि ताबा दिला त्या क्षणी भाडं थांबतं. इतकी मोठी गोष्ट असूनही घाईत किल्ली वॉचमनकडे ठेवून जाणारे खूप आहेत. मग मालक म्हणतो की मला किल्ली दहा तारखेला मिळाली, आणि दहा दिवसांचं भाडं लावतो. करार संपल्यावरही ताबा दिला नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, असं भाडे नियंत्रण कायद्याचं 24 वं कलम सांगतं. त्यामुळे किल्ली कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या हातात दिली याची ताबा पावती करावी. त्यात मोजून लिहावं. मुख्य दाराच्या लॅचच्या तीन, सेफ्टी डोअरच्या दोन, बेडरूमच्या दोन, पत्रपेटीची एक, पार्किंगचा रिमोट, सोसायटीचं कार्ड. एक हरवली असेल तर तसं सांगावं आणि कुलूप बदलून द्यावं. खाली मीटरचं रीडिंग, ठरलेली कपात, परत करायची रक्कम आणि तारीख लिहावी, आणि दोघांनी सह्या कराव्यात. अर्धं पानही पुरतं.

कोथरूडच्या घराचा हिशेब त्या अर्ध्या पानावर असा येतो. डिपॉझिट 80,000. वजा भिंत 4,000, दार 1,750, नळ 900, लाइट बिलासाठी राखीव 1,000. देणं 72,350 रुपये, किल्ली हातात पडताच ऑनलाइन जमा, आणि राखीव रकमेचा हिशेब पुढचं बिल आल्यापासून सात दिवसांत. आत्याबाईंच्या पहिल्या यादीप्रमाणे लाइट बिल सोडूनही 42,200 मिळाले असते.

‘एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने डिपॉझिट’ ही पद्धत उत्तम, आणि आदर्श भाडे कायदाही ताबा घेतानाच कपात वजा करून डिपॉझिट परत करायला सांगतो. प्रत्यक्षात पैसे अडतात ते बहुतेकदा वाईट हेतूने नव्हे. मालकाने ते केव्हाच घराच्या हप्त्यात किंवा मुलाच्या फीमध्ये वापरलेले असतात आणि तो नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटची वाट बघत असतो. हे महिनाभर आधी कळलं तर मार्ग निघतो. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असं दोघांनी लिहून ठरवलं की मालकाला एकदम मोठी रक्कम उभी करावी लागत नाही. मालकाला न विचारता भाडं थांबवणं मात्र चूक. त्याने कराराचा भंग भाडेकरूकडून होतो आणि बोलण्याचा जोर जातो. पुढच्या तारखेचा चेक हाही तोंडी शब्दापेक्षा बरा, कारण तो न वटल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत मालकाने पैसे दिले नाहीत तर तक्रार करता येते.

काहीच दिलं जात नसेल तर करार संपल्यावर किल्ली अडवून बसू नये, दुप्पट भरपाईचा धोका भाडेकरूवरच येतो. करारातच ‘डिपॉझिट मिळेपर्यंत ताबा ठेवता येईल’ असं कलम असेल तर गोष्ट वेगळी. एरवी किल्ली पोचेसह द्यावी, ‘डिपॉझिटची रक्कम येणे बाकी आहे’ असं त्या पोचेवर लिहावं आणि त्याच दिवशी ईमेलने तारीख घालून पैसे मागावेत. ती तारीख उलटली की वकिलाची नोटीस. पोलीस ठाण्यात गेल्यास हा दिवाणी मामला आहे असंच बहुधा सांगितलं जातं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मात्र दावा दाखल करण्याआधीच तडजोडीसाठी अर्ज करता येतो, आणि तिथे ताबा पावती, फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचं ते ‘ओके’ समोर ठेवता येतं. दिवाणी दाव्याची मुदत पैसे देणं झाल्यापासून तीन वर्षं. ज्यांच्या कराराची नोंदणीच झालेली नाही त्यांनीही हात टेकू नयेत. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर घेतलं याबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानावं असं 55 वं कलमच म्हणतं. डिपॉझिट दिल्याचा बँकेतला व्यवहार तेवढा शोधून त्याची प्रत काढून ठेवावी.